हुकलेला डोस : मोजणी कोठून सुरू करायची?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक आजी मोशीजवळच्या माझ्या दवाखान्यात आल्या. मांडीवर सात महिन्यांचे नातवंड आणि पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले, माता-बाल संरक्षण कार्ड. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर, सूनही आता कामाला जाऊ लागलेली, म्हणून आजी गावाहून बाळ सांभाळायला आल्या होत्या. बाळाला साधी सर्दी होती. औषध लिहून देताना मी सवयीने कार्ड मागितले. ते देताना त्या जरा थबकल्या आणि म्हणाल्या, “डाक्टर, याच्या सुया लई राहिल्यात. आता समदं पहिल्यापासून करावं लागंल का?”

वाचकहो, हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा ऐकू येतो आणि तो विचारणारे बहुधा आजी किंवा आजोबाच असतात. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील घरांत आई-वडील पाळ्यांमध्ये कामावर जातात, त्यामुळे बाळाला लसीकरणाला नेण्याचे काम आपसूक ज्येष्ठांकडे येते. म्हणून या वेळी त्या आजींच्या कार्डावरूनच सर्व समजावून घेऊ.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असे आहे. हुकलेल्या डोसामुळे आधी घेतलेले डोस वाया जात नाहीत. ज्या डोसापाशी खंड पडला, त्याच्या पुढच्या डोसापासून मोजणी सुरू करायची. अर्धवट विणलेला स्वेटर सहा महिने ट्रंकेत राहिला, तर आपण तो उसवत नाही, सुया पुन्हा हातात घेऊन पुढचा टाका घालतो. येथेही तसेच आहे. पहिल्या डोसाने बाळाच्या शरीरात त्या रोगजंतूची ओळख ठेवणाऱ्या पेशी तयार झालेल्या असतात. मधले अंतर लांबले तरी त्या पेशी टिकून राहतात आणि दुसरा डोस मिळताच कामाला लागतात.

उलट दिशेने मात्र ही सवलत नाही. पेंटाव्हॅलंट लसीच्या दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, जावेच लागतात. ओळख ठेवणाऱ्या त्या पेशींना परिपक्व होण्यास तेवढा अवधी लागतो. घाईने दोन-तीन आठवड्यांतच पुढचा डोस दिला, तर शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि तो डोस हिशेबात धरता येत नाही. अंतर वाढले तर चालते, कमी झाले तर चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले की कार्डावरचा निम्मा गोंधळ मिटतो.

आता आजींच्या कार्डाकडे वळू. बाळाचा जन्म ५ जूनचा. प्रसूती रुग्णालयात झाली, त्यामुळे जन्मानंतर लगेच देण्याच्या तिन्ही लसी मिळालेल्या होत्या : क्षयापासून संरक्षणाची बीसीजी, पोलिओचा ‘शून्य’ डोस आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस. पुढे सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, १७ जुलैला, आईने बाळाला लसीकरण सत्राला नेले होते. त्या दिवशी पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसची तोंडाने द्यावयाची लस, पोलिओची दंडावरची लहान सुई, न्यूमोनियाची म्हणजे पीसीव्ही लस आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस, असे सर्व झाले होते. पेंटाव्हॅलंट या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ आणि मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा हिब जंतू, या पाचांपासूनचे संरक्षण असते. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी आळीत डांग्या खोकल्याने काळेनिळे पडणारे मूल पाहिले असेल, त्यांना या सुईचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यानंतरचे रकाने कोरे होते. दहाव्या आठवड्याची तारीख १४ ऑगस्ट, चौदाव्याची ११ सप्टेंबर. दोन्ही तशाच निघून गेलेल्या. कारण विचारल्यावर उलगडा झाला. सुई घेतलेल्या रात्री बाळाला ताप आला, मांडी सुजली, बाळ रात्रभर किरकिरले. घर घाबरले. पुढे नागपंचमीला सून बाळासह माहेरी गेली आणि सोयाबीनची काढणी, दिवाळी असे करत मुक्काम लांबला. कार्ड चाकणच्या खोलीत राहिले. गावात उपकेंद्र होते, आशाताईंनी घरी येऊन विचारलेही होते. पण “आमचं नाव चाकणला हाय” असे सांगून त्यांना परत पाठवले गेले.

ही शेवटची समजूत फार मुले मागे ठेवते. बाळाचे नाव एका केंद्रात नोंदले म्हणून प्रत्येक डोस त्याच केंद्रात घ्यावा लागतो, असा नियम नाही. देशातील कोणत्याही सरकारी केंद्रात, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीतल्या सत्रात पुढचा डोस मिळतो आणि तो विनामूल्य असतो. आपल्या भागातील कामगार बीड, लातूर, नांदेडपासून बिहार, ओडिशापर्यंतच्या गावांतून आलेले आहेत आणि सणावाराला ते परत जाणारच. तेव्हा बाळाच्या कपड्यांसोबत कार्डही पिशवीत गेले पाहिजे. शिवाय कार्डाच्या लसीच्या पानाचा फोटो घरातील दोन वेगवेगळ्या मोबाइलमध्ये ठेवावा.

तापाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण पहिला डोस घेऊन पुढे खंड पडण्याचे हे मोठे कारण आहे. पेंटाव्हॅलंटमधील डांग्या खोकल्याचा घटक हा मारलेल्या संपूर्ण जंतूचा असतो. त्यामुळे त्या रात्री ताप येणे, सुईची जागा लाल होणे, दुखणे हे अपेक्षितच असते. एक-दोन दिवसांत ते ओसरते. सुईची जागा चोळू नये, शेकू नये. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, पण किती ते बाळाच्या वजनावरून परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विचारून तेथेच कागदावर लिहून घ्यावे. येथे आजी-आजोबांना एक इशारा द्यावासा वाटतो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि पातळ औषध यांची तीव्रता सारखी नसते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधात तेवढेच औषध सुमारे चार मिलिलिटरमध्ये असते. मोठ्या नातवाच्या औषधाचे माप धाकट्याच्या थेंबांना लावले, तर चौपट औषध पोटात जाते. बाटली बदलली की माप पुन्हा विचारावे.

लस पुढे ढकलण्याजोगी कारणे मोजकीच आहेत. बाळ गंभीर आजारी असेल, तीव्र ताप असेल, रुग्णालयात दाखल असेल, तर बरे होईपर्यंत थांबावे. आधीच्या डोसानंतर काही वेळातच अंगभर गांधी उठून श्वास लागला असेल, किंवा पुढील काही दिवसांत बाळ बेशुद्ध झाले असेल, झटके आले असतील, तर ते आवर्जून सांगावे. मग तीच लस पुन्हा द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. सर्दी, किरकोळ खोकला, थोडी पातळ शी, दात येणे, बाळ अशक्त दिसणे ही कारणे नव्हेत. अशक्त बाळाला तर लसीची गरज अधिक असते. हे मी अनुभवाने शिकलो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका बाळाला केवळ नाक वाहते म्हणून “पुढच्या आठवड्यात या” असे सांगून गोवराची सुई न देता परत पाठवले होते. पुढचा आठवडा आलाच नाही. काही महिन्यांनी तेच बाळ गोवर आणि न्यूमोनिया घेऊन माझ्यासमोर आले. ते वाचले, पण ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द तेव्हापासून मी फार जपून वापरतो.

मी आजींना विचारले, आज बाळाला ताप आहे का? नव्हता. मग कागद घेऊन पुढच्या तारखा मांडल्या. माझ्याकडे सरकारी लस नसते, त्यामुळे चिठ्ठी लिहून त्यांना जवळच्या सत्राला पाठवायचे होते. पहिला गुरुवार ८ जानेवारीचा होता. त्या दिवशी पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस, पोलिओच्या थेंबांचा दुसरा आणि रोटाव्हायरसचा दुसरा डोस द्यायचा. न्यूमोनियाची लस आणि पोलिओची दंडावरची सुई यांच्या दोन डोसांत आठ आठवड्यांचे अंतर लागते. जुलैपासून ते केव्हाच उलटून गेले होते, म्हणून त्यांचाही दुसरा डोस त्याच दिवशी. आजींचा चेहरा पडला. “एका दिवशी तीन सुया?” मी त्यांना जुलैचा रकाना दाखवला. सहाव्या आठवड्यातही तीनच सुया झाल्या होत्या, तेव्हा बाळ आतापेक्षा कितीतरी लहान होते. प्रत्येक सुई वेगळ्या जागी देतात आणि एकत्र दिल्याने कोणत्याही लसीचा गुण कमी होत नाही. एक-एक करून दिल्या तर फेऱ्या वाढतात, आणि फेऱ्या वाढल्या की पुन्हा एखादी चुकते.

त्यानंतर २८ दिवस मोजले की ५ फेब्रुवारी येते. त्या दिवशी पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस यांचा तिसरा डोस. आणखी चार आठवड्यांनी ५ मार्च, म्हणजे बाळाला नऊ महिने पूर्ण. गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर आणि पोलिओची तिसरी सुई यांची वेळ तीच. पोलिओची ही तिसरी सुई २०२३पासून वेळापत्रकात आली आहे, त्यामुळे थोरल्या नातवाच्या जुन्या कार्डावर ती दिसणार नाही. असे तीन गुरुवार नीट पाळले, तर चार महिने मागे पडलेले बाळ नवव्या महिन्याच्या तारखेला इतर बाळांच्या बरोबरीस येते. अर्थात मधल्या काळातला धोका नाहीसा होत नाही. त्या महिन्यांत बाळाकडे एकाच डोसाचे, म्हणजे अपुरे, संरक्षण होते. सहा, दहा आणि चौदा आठवडे हे टप्पे एवढे लवकर ठेवले आहेत याचे कारणच हे, की डांग्या खोकला सर्वांत जीवघेणा ठरतो तो पहिल्या काही महिन्यांतच.

हे बाळ सात महिन्यांचे होते म्हणून हिशेब सहज जुळला. वय वाढत जाते तशी काही दारे बंद होत जातात. ‘ब’ काविळीचा जन्माचा डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो, कारण आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग त्यानेच अडतो. पोलिओचा शून्य डोस पहिल्या १५ दिवसांतच. हे दोन्ही हुकले तर मागाहून देत नाहीत. पुढचे नेहमीचे डोस वेळेवर घ्यायचे. बीसीजी मात्र वर्षापर्यंत देता येते. रोटाव्हायरस, न्यूमोनिया आणि पेंटाव्हॅलंट यांच्या बाबतीत सरकारी कार्यक्रमात पहिला वाढदिवस महत्त्वाचा. त्याआधी एक जरी डोस झाला असेल, तर उरलेले वर्षानंतरही पूर्ण करून देतात. एकही झाला नसेल, तर रोटाव्हायरस आणि न्यूमोनियाची लस सरकारी सत्रात मिळत नाही आणि पेंटाव्हॅलंटऐवजी डीपीटी सुरू करतात. डीपीटी सात वर्षांपर्यंत, पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. थोडक्यात, बाळ अकरा महिन्यांचे आहे आणि काहीच झालेले नाही, तर सण उरकण्याची वाट पाहू नये.

गोवराची गोष्ट थोडी निराळी आहे आणि आपल्या शहराने ती पाहिलेली आहे. करोनाच्या काळात अनेक बाळांच्या नेहमीच्या लसी राहून गेल्या. २०२२च्या उत्तरार्धात मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवर भडकला, मालेगाव आणि भिवंडीत पसरला, आणि वर्ष संपता संपता आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडीच्या भागातही लहान मुले बाधित आढळली. दाट वस्ती, कामासाठी सतत बदलणारी घरे आणि कोरे रकाने, असे तिथले चित्र होते. गोवर इतका सांसर्गिक असतो की रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास त्याचे विषाणू हवेत राहू शकतात.

अनेक आजी विचारतात, गोवराची सुई नऊ महिन्यांपर्यंत का थांबवतात? आईच्या शरीरातून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात काही महिने असतात. ती बाळाला राखतात, तशीच लसीतील सौम्य विषाणूलाही निष्प्रभ करतात. नवव्या महिन्यापर्यंत ती बरीच ओसरतात, पण सर्वच बाळांत नव्हे. म्हणून नवव्या महिन्यात लस दिलेल्या शंभर बाळांपैकी साधारण ८५ बाळांनाच संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरांसाठी दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आहे. हे पंधरा कोण, ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून तो सर्वांनाच द्यावा लागतो. “एक झाला, आता पुरे” असे म्हणणाऱ्या घरांना मी हाच हिशेब सांगतो. दोन्ही हुकले असतील, तर पाच वर्षांच्या आत चार आठवड्यांच्या अंतराने दोन्ही घेता येतात.

२०२२च्या उद्रेकात केंद्र सरकारने आणखी एक मार्ग सुचवला होता. जेथे नऊ महिन्यांहून लहान बाळांना गोवर होण्याचे प्रमाण जास्त होते, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा. त्याला ‘शून्य’ डोस म्हणतात, कारण तो मोजणीत धरत नाहीत. पुढे कधी अशी मोहीम झाली आणि आपल्या बाळाला तो मिळाला, तरी नवव्या महिन्याचा आणि दीड वर्षाचा, हे दोन्ही डोस घ्यावेच लागतील.

एक व्यावहारिक अडचणही सांगतो, कारण तिच्यामुळे ज्येष्ठ मंडळी केंद्रावर चिडलेली मी पाहतो. “एवढ्या लांबून गेलो आणि बीसीजी आज नाही म्हणाले.” बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी भुकटीच्या रूपात असतात. कुपीत द्रव मिसळला की चार तासांत ती संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे बरीच केंद्रे या लसींसाठी ठरावीक वार ठेवतात. तो वार आशाताईंना आधी विचारून घेतला, तर रिक्षाचे पैसे आणि चिडचिड दोन्ही वाचतात. पण कुपी फोडायची नाही म्हणून दारात आलेल्या बाळाला परत पाठवणे योग्य नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे. तशी वेळ आली तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे भेटावे.

कार्डच हरवले तर काय? जेथे डोस घेतला त्या केंद्राच्या नोंदवहीत नाव शोधता येते. अलीकडे यू-विन या सरकारी प्रणालीत नोंद केली जाते. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक सांगितला, तर दुसऱ्या गावातूनही झालेले डोस पाहता येतात. म्हणून नोंदणीला घरात कायम राहणारा क्रमांक द्यावा. दर सहा महिन्यांनी बदलणारे सिमकार्ड येथे उपयोगी नाही. कोठेच नोंद सापडली नाही, तर ‘दिली असावी’ यावर विसंबून राहू नये. वयानुसार लागू असलेले डोस पुन्हा घ्यावेत. आधी मिळालेला डोस चुकून पुन्हा दिला गेला, तर सहसा अपाय होत नाही. राहून गेलेल्या डोसाने होऊ शकतो. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसला तर ती झाली असे समजता येते. पण नोंद आहे आणि व्रण उठला नाही, तर बीसीजी पुन्हा देण्याची गरज नसते.

खासगी दवाखान्यात काही डोस आणि सरकारी केंद्रात काही, असे झाले असेल तर दोन्ही कागद प्रत्येक वेळी सोबत न्यावेत. खासगीत लसींची नावे कंपनीगणिक वेगळी असतात, ‘सहा आजारांची एक’ अशाही सुया असतात. परिचारिकेला दुसरा कागद दिसलाच नाही, तर तोच डोस दोनदा पडतो किंवा एखादा सुटतो.

त्या आजी ५ मार्चला सत्र उरकून माझ्याकडे कार्ड दाखवायला आल्या. बाळाला ताप नव्हता, पण मांडीवर हात ठेवू देत नव्हते. तिन्ही तारखांच्या रकान्यांत सह्या होत्या. पुढची वेळ विचारली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बोटांवर मोजले. १६ महिने ५ ऑक्टोबरला पूर्ण होतात. तेव्हापासून गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचे थेंब. त्यांनी ती तारीख कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहायला सांगितली, आणि मग विचार करून म्हणाल्या, “पेनानं लिव्हा. आन् गावाकडच्या आशाताईचा नंबर बी तिथंच लिव्हा, दसऱ्याला आमी तिकडंच असतो.”